कान पिकला, आता फिरकी काढू का?

सोमवारी सकाळी एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. बारा दिवसांपूर्वी मुलीचे कान टोचले होते. उजवा ठीक होता. डाव्या कानाची पाळी मात्र टपोऱ्या करवंदासारखी फुगलेली, लाल, आणि हात जवळ नेला तरी पोर मान वळवत होती. कानात काही दिसेना, म्हणून विचारलं. "रात्रीच काढून टाकलं, डॉक्टर. पू येत होता ना, म्हटलं जरा हवा लागेल."

त्या आईने केलं ते कुणीही केलं असतं. काटा रुतला आणि पिकला तर आपण काटा काढतो, मग कानातलं का नाही? कारण कानातलं काट्यासारखं बंद जखमेत रुतलेलं नसतं. ते आरपार असतं. टोचलेलं भोक म्हणजे एक छोटा बोगदा. त्याच्या दोन्ही तोंडांकडून कातडी हळूहळू आत वाढत जाते आणि दांडीभोवती नळीसारखं अस्तर तयार होतं. पाळीवर याला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर तो बोगदा म्हणजे उघडी जखमच. आत दांडी असते म्हणून दोन्ही तोंडं उघडी राहतात आणि झालेला पू दांडीच्या कडेने झिरपून बाहेर येतो. दांडी काढली की ही तोंडं काही तासांत मिटायला लागतात, वर खपली धरते, आणि आतला पू आतच राहतो. त्या मुलीचं तेच झालं होतं. रात्री वाहणारा पू सकाळी गळू होऊन बसला होता. भूल देऊन बारीकसा छेद घ्यावा लागला.

म्हणून पाळी पिकली, सूज थोडी आहे, ताप नाही, तर कानातलं काढायचं नाही, हे पहिलं उत्तर. पण हे उत्तर फक्त पाळीपुरतं आहे. कानाच्या वरच्या कडेला हिशेब वेगळा पडतो, नाकाला आणखी वेगळा. त्याकडे येतेच.

त्याआधी जे पिकल्यासारखं दिसतं ते खरंच पिकलं आहे का, हे पाहायला हवं. टोचल्यानंतरचे दोन-चार दिवस थोडी लाली, थोडी सूज, हात लागला तर दुखणं हे व्हायचंच. दांडीभोवती पिवळसर पांढरी लस येऊन वाळते आणि खपली होते. पुष्कळजण त्यालाच पू समजतात. लस पातळ असते, तिला वास नसतो आणि दिवसागणिक कान शांत होत जातो. पू दाट असतो, पिवळा किंवा हिरवट, कधी घाण वासाचा. त्याच्यासोबत ठणका असतो, कातडी गरम लागते, आणि मुख्य म्हणजे उतरत आलेली सूज पुन्हा चढते. चौथ्या दिवशी बरा वाटणारा कान सातव्या दिवशी ठसठसायला लागला तर तो पिकलाच असं धरा.

आणखी एक सोंग आहे, खाजेचं. कान दुखत नाही पण विलक्षण खाजतो, भोकाभोवतीची कातडी खरखरीत होते, तडकते, पाणी सुटतं, आणि हे बहुधा दोन्ही कानांना एकदमच होतं. हे निकेलचं वावडं. नकली दागिन्यांत, सोन्याचं पाणी दिलेल्या धातूंत निकेल असतं. इथे जंतूंवरचं मलम महिनाभर चोळलं तरी उपयोग नाही. धातूच बदलावा लागतो. शुद्ध सोनं, टायटॅनियम किंवा शरीरात बसवण्याच्या दर्जाचं स्टील चालतं. भोक ताजं असेल तर बदलही डॉक्टरांकडून किंवा टोचणाऱ्या जाणत्या माणसाकडून, एक काढताच लगेच दुसरं सरकवून करून घ्यावा.

समजा पाळी खरोखर पिकली आहे. कानातलं आत राहील, मग बाहेर काय जाईल? सगळ्यात आधी फिरकीचा आवळ. नवं कानातलं पडू नये म्हणून फिरकी गच्च बसवलेली असते. पाळी सुजली की ती पुढून खडा आणि मागून फिरकी अशा चिमट्यात सापडते. मग रक्त नीट पोचत नाही, पू वाहत नाही. हात साबणाने धुऊन फिरकी दांडीच्या टोकापर्यंत सैल करायची, इतकी की पाळी आणि फिरकी यांच्या मधली फट दिसली पाहिजे. दांडीच आखूड असेल तर लांब दांडीचं कानातलं घालून घ्यावं लागतं, आणि ते काम घरी करू नये. दुसरं म्हणजे लोंबतं काही असेल तर ते जायला हवं. झुबके, वेल, केसांत अडकणारी साखळी. तिसरी गोष्ट आपल्या घरांत फार जिव्हाळ्याची आहे: हळद आणि खोबरेल तेल. हळदीशी माझं वैर नाही. पण तेलातली हळद भोकावर वाळून जो थर बसतो तो झाकणासारखा काम करतो, आणि झाकण नको म्हणूनच तर आपण दांडी ठेवली. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही नकोत. त्यांनी जंतूंबरोबर नवी कातडीही भाजते.

स्वच्छतेला औषधाच्या दुकानात मिळणारं नॉर्मल सलाईन सर्वात सोयीचं. घरी करायचं तर पाव लिटर पाणी उकळून गार करायचं आणि त्यात पाव चमचा मीठ विरघळवायचं. दिवसातून दोनदा, त्यात भिजवलेला स्वच्छ गॉझचा तुकडा पाच-दहा मिनिटं पुढून-मागून धरला की खपली मऊ होऊन आपोआप निघते. कोरडी खपली नखाने काढायची नाही. कापूस शक्यतो नको, त्याचे तंतू दांडीला गुंडाळले जातात. नंतर कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याचा शेक. आणि कानातलं गोल फिरवायचं नाही. "फिरवत राहा, नाहीतर चिकटेल" हे प्रत्येक आजीने सांगितलेलं असतं, पण प्रत्येक वेळी फिरवताना वाळलेली खपली बोगद्यात ओढली जाते आणि आतलं कोवळं अस्तर फाटतं.

जंतूंवरचं मलम डॉक्टर लिहून देतील, बहुधा म्युपिरोसिन किंवा त्याच जातीतलं. दुकानातून आपणहून आणलेल्या ट्यूबबद्दल मात्र एक इशारा. खाज, नायटा, पुरळ या सगळ्यांवर एकच म्हणून जी मिश्र मलमं सर्रास दिली जातात, त्यांत अनेकदा स्टिरॉइड असतं. त्याने लाली एका दिवसात उतरते, घरचे खूश होतात, आणि जंतू आतमध्ये निवांत वाढतात. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असं काही छापलेलं दिसलं तर ती पिकलेल्या भोकाला लावायची नाही.

या सगळ्याने पाळी दोन दिवसांत उताराला लागायला हवी. नाही लागली, लाली पाळीच्या बाहेर गालाकडे किंवा मानेकडे पसरली, ताप आला, कानामागे गाठ आली, तर गोळ्या लागतात. आणि मधुमेह असेल किंवा हृदयाच्या झडपेचा आजार असेल तर दोन दिवसही थांबायचं नाही.

पाळीच्या बाबतीत कानातलं काढावंच लागतं अशी एक वेळ आहे, आणि ती घरच्यांच्या लक्षात फार उशिरा येते. लहान मुलीचं कानातलं पुढून नीट दिसतं, मागे पाहावं तर फिरकी नाही. घरचे म्हणतात पडली असेल. ती पडलेली नसते, सुजलेल्या पाळीत गेलेली असते. मागच्या बाजूला एक ओलसर खळगा दिसतो, त्यातून पू येतो, आणि बोटांत पाळी धरली की आत काहीतरी टणक लागतं. गच्च बसणाऱ्या चापाची कानातली बंदुकीने घातली की हे जास्त होतं. इथे पुढून ओढू नका. पुढचा खडा हातात येतो आणि मागचा धातू आतच राहतो. डॉक्टर पाळी बधिर करून, पुढून हलका दाब देऊन फिरकी मागे बाहेर आणतात. पाच मिनिटांचं काम आहे, पण भूल दिल्याशिवाय ते करायचं धाडस कुणी करू नये.

काढायचं की ठेवायचं हा प्रश्न आजचा नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्यावरच आहे. सहाव्या किंवा सातव्या महिन्यात, उन्हात कान धरून, जिथून उजेड आरपार दिसतो त्या जागी टोचावं असं तिथे सांगितलं आहे. भोकात मग कापसाची तेलात भिजवलेली वात घालायची. सूज आणि वेदना झाल्या तर ती वात लगेच काढावी, लेप लावावा, आणि बरं झाल्यावर पुन्हा टोचावं. म्हणजे सुश्रुताचा कौल काढण्याच्या बाजूने. पण त्याची वात म्हणजे भोक भरून टाकणारा, पू शोषून फुगणारा कापूस. ती ठेवली तर तीच बूच होते. गुळगुळीत धातूच्या दांडीच्या कडेने पू वाहू शकतो. त्यामुळे त्याचं आणि आजचं उत्तर उलटं दिसलं तरी दोघांना हवं आहे ते एकच, पू बाहेर यायला वाट.

त्या अध्यायातली उजेडाची खूण मला फार मोलाची वाटते. मोबाइलचा दिवा कानामागे धरून पाहा. पाळी तांबूस उजळते. वरच्या कडेला बोटाने चाचपलं तर कातडीखाली एक लवचीक पातळ पत्रा लागतो. ती कूर्चा. आपल्याकडे पाळीत कुडी आणि वरच्या कडेला बुगडी. पुरुषांची भिकबाळीही कानाच्या वरच्याच भागात. म्हणजे कूर्चा टोचणं काही परदेशातून आलेलं नाही.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर घट्ट चिकटलेलं एक पातळ आवरण असतं, त्यातून तिला अन्न झिरपतं. कूर्चा आणि आवरण यांच्यामध्ये पू साठला की आवरण उचललं जातं आणि कूर्चा उपाशी पडते. काही दिवसांत ती मरते, आणि ज्या सांगाड्यावर कान उभा आहे तोच गेल्यामुळे कान गोळा होतो. कोल्हापूरच्या तालमीत जुन्या पैलवानांचे चुरगळलेले कान पाहिले असतील. तिथे मार लागून रक्त साठतं, इथे पू. शेवट सारखाच. कातडी भरून येते, कूर्चा पूर्वीसारखी येत नाही.

आणि जंतूही वेगळा. पाळीत बहुधा कातडीवरचेच स्टॅफिलोकॉकस असतात. वरच्या कडेला वारंवार सापडतो तो सुडोमोनास, ओलाव्यात राहणारा जंतू. नळाच्या तोटीत, बेसिनमध्ये, अर्धवट भरलेल्या बाटलीत तो जगतो. २००० साली अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात दागिन्यांच्या एका टपरीवर ११८ जणांनी १८६ ठिकाणी टोचून घेतलं होतं. त्यांतल्या ७ जणांना सुडोमोनासचा संसर्ग पक्का ठरला आणि १८ जण संशयित निघाले. ते सातही जण १० ते १९ वर्षांचे होते, सातांचीही कानाची वरची कड स्प्रिंगच्या बंदुकीने टोचलेली होती. चौघांना रुग्णालयात ठेवावं लागलं, काहींचे कान कायमचे विद्रूप झाले. शोध घेतला तेव्हा तोच जंतू सापडला जंतुनाशकाच्या बाटलीत आणि जवळच्या बेसिनमध्ये. जंतू मारायला जे फवारत होते त्यातूनच तो कानात जात होता. त्या मुलांचं आणखी एक दुर्दैव म्हणजे बहुतेकांना सुरुवातीला दिलेल्या प्रतिजैविकांचा या जंतूवर परिणामच होत नव्हता.

माझ्याकडे गेल्या वर्षी आलेला एकोणीस वर्षांचा मुलगा याच वाटेने आला. ढोलताशा पथकात वाजवणारा, गणपतीच्या आधी भिकबाळीसाठी उजवा कान एका दुकानात बंदुकीने टोचून घेतलेला. जुलैचे दिवस, रोज सरावात भिजणं, डोक्याला फेटा. सहाव्या दिवशी कान दुखायला लागला. ओळखीच्या औषधवाल्याने ॲमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटच्या गोळ्या दिल्या, एरवी चांगलं औषध, पण सुडोमोनासला ते लागू पडत नाही. तीन दिवस गेले. नवव्या दिवशी तो आला तेव्हा कान डोक्यापासून पुढे उभा राहिला होता. वरचा अर्धा लालबुंद, चकचकीत, वळ्या बुजलेल्या. पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. हीच खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. नुसत्या कातडीचा संसर्ग पाळीपर्यंत पसरतो. कूर्चेचा आजार पाळीपाशी थांबतो, कारण पाळीत कूर्चा नाही. मी कानाची कड हलकेच वाकवली तर तो खुर्चीतून उठलाच.

तो तेच विचारत होता, "बाळी काढू का?" मी म्हटलं, इथे नको, अर्ध्या तासात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पोच, ते काढतील. वरच्या कडेवरचं कानातलं अशा वेळी बहुधा काढलंच जातं. पण ते काढणं, पू सोडणं आणि योग्य औषध सुरू करणं या तिन्ही गोष्टी एकाच बैठकीत व्हायला हव्यात. नुसतं काढून घरी बसलं तर भोक मिटतं आणि पू कूर्चेवर पसरतो. नुसतं ठेवून शेकत बसलं तर दिवस वाया जातात, आणि इथे दिवसांचीच किंमत आहे. तज्ज्ञांनी कान बधिर करून छेद घेतला, पूचा नमुना तपासणीला पाठवला, आतलं धुतलं, कानाच्या वळ्यांत गॉझ बसवून दाबपट्टी बांधली. अहवालाची वाट न पाहता सिप्रोफ्लॉक्सॅसिन सुरू केलं. तिसऱ्या दिवशी अहवाल आला: सुडोमोनास. गोळ्या दोन आठवडे चालल्या. दुधाबरोबर किंवा ॲसिडिटीच्या औषधाबरोबर त्या घेतल्या तर अंगी लागत नाहीत, हे त्याला दोनदा सांगावं लागलं. लहान मुलांत आणि गरोदरपणी हे औषध सहजी देत नाहीत, म्हणून घरातल्या उरलेल्या गोळ्या कुणाला देऊ नयेत.

आता नाक. चमकी किंवा नथीसाठी टोचतात ती नाकपुडी बाहेरून कातडी, आतून ओलं अस्तर. हे आतलं तोंड फार लवकर मिटतं. नव्या भोकातली चमकी काढली तर काही मिनिटांतही परत जाईनाशी होते. शिवाय नाकाच्या पुढच्या भागात स्टॅफिलोकॉकस अनेकांच्या मुक्कामालाच असतात. थोडा पू, थोडी सूज असेल तर इथेही पाळीचाच नियम: चमकी ठेवा, सलाईनने भिजवा, आतल्या बाजूने खपली उकरू नका. कडुनिंबाची काडी घालायची जुनी पद्धत गावाकडे अजून आहे. नाक पिकलेलं असताना ती नको, कारण खरबरीत काडी जखमेला घासते आणि तिच्यावर जंतूही बसतात. भोकाशेजारी लाल, मऊ, सहज रक्त येणारा दाणा आला तर तो बहुधा पू नसून घर्षणाने वाढलेलं मांस असतं. तो फोडल्याने जात नाही.

नाकावरचं पिकलेलं काहीही पिळायचं नाही, याला कारण आहे. नाक आणि वरचा ओठ इथल्या शिरा डोळ्यामागून मेंदूलगतच्या शिरांना जाऊन मिळतात. जंतू त्या वाटेने आत जाणं दुर्मीळ आहे, पण झालं तर जीवावर बेततं. पापणी सुजली, डोळा दुखला किंवा दोन-दोन दिसू लागलं, तापासोबत डोकं फुटायची पाळी आली, तर रात्र असो की पहाट, थेट मोठ्या रुग्णालयात. चमकीचा मागचा भाग नाकाच्या अस्तरात रुतला असेल तर तोही फिरकीसारखाच डॉक्टरांनी काढायचा. घरी ओढताना सुटला तर तो मागे घशात, श्वासनलिकेत जाऊ शकतो.

कुठल्याही पिकलेल्या भोकापाशी धनुर्वाताच्या लसीची तारीख विचारली जातेच. आठवत नसेल तर तसं सांगावं, लस पुन्हा देता येते. टोचताना सुई नवी होती का, हेही सांगावं. प्लॅस्टिकच्या बंदुका उच्च दाबाच्या वाफेत घालता येत नाहीत, नुसत्या पुसल्या जातात. म्हणून कावीळ बी आणि सीचा विचार डॉक्टरांच्या मनात येतो.

करवंदासारखी पाळी घेऊन आलेली मुलगी आठवड्यात बरी झाली. भोक बुजलं होतं. पुन्हा कधी टोचायचं, असं तिच्या आईने विचारलं तेव्हा मी तीन महिने थांबायला सांगितलं, आणि जुन्या व्रणातून नको, जरा बाजूला. पथकातल्या मुलाचा कान वाचला. वरच्या कडेला दाणा बसेल एवढी खाच राहिली आहे. यंदाच्या जुलैत तो पुन्हा आला होता, डाव्या कानाबद्दल विचारायला. मी त्याला म्हटलं, भिकबाळी चापाचीही मिळते, तुळशीबागेत बघ.